सहातले अडीच

पत्राचा पहिला मसुदा मी रात्री साडेअकराला लिहिला. त्यात ‘अक्षम्य’ हा शब्द चार वेळा होता, उद्गारचिन्हं किती होती ते मोजलं नाही, आणि शेवटी हॉटेलातल्या त्या वाढणाऱ्या मुलाला कामावरून काढून टाका अशी मागणी होती. सकाळी चहा पिता पिता वाचला तेव्हा लक्षात आलं की एवढ्या दीड पानात एक गोष्ट लिहायची राहूनच गेली. मी मागवलं काय होतं आणि माझ्यासमोर आलं काय, हे त्यात कुठेच नव्हतं.

घडलं ते एवढंच. शनिवारी रात्री मी आणि माझी मैत्रीण बाहेर जेवायला गेलो होतो. ती सगळं खाते, मी जन्मापासून शाकाहारी. आमची इतक्या वर्षांची सवय आहे, ती तिचं मागवते, मी माझं, आणि एकमेकींच्या ताटात कुणी डोकावत नाही. मी वाफवलेले व्हेज डम्प्लिंग मागवले. सहा आले, एका गोल टोपलीत, वर झाकण. झाकण काढल्यावर वाफेचा लोट आला आणि चष्म्यावर धुकं जमलं. पहिला खाल्ला, दुसरा खाल्ला. गरम होते, सोबतचा सॉस झणझणीत होता आणि आम्ही गप्पांत बुडालेल्या. तिसऱ्याचा अर्धा तोडला आणि दाताखाली काहीतरी कचकन वाजलं.

आधी वाटलं, गाजर कच्चं राहिलंय. पण कच्चं गाजर मोडतं. हे मोडेना. दातांमधून निसटायचं आणि पुन्हा दाताखाली यायचं, जाड रबराच्या तुकड्यासारखं. मी ते रुमालात काढलं आणि उरलेला अर्धा काट्याने उकलून बघितला. आत करड्या रंगाचं बारीक सारण होतं, आणि त्यात तो इवलासा, पांढरट, अर्धपारदर्शक तुकडा.

मैत्रिणीने चमच्याच्या टोकावर जरासं सारण घेतलं, चाखलं, आणि माझ्याकडे न बघता टोपली स्वतःकडे ओढली. “चिकन आहे गं,” ती म्हणाली. “आणि ते कचकन लागलं ना, ती कूर्चा. खिम्यात येते कधी कधी.”

आता विचार केला की त्या क्षणाचं आश्चर्य वाटतं. तोंडातली चव मघाशी होती तीच होती. दोन डम्प्लिंग पोटात जाऊन दहा मिनिटं झाली होती आणि पोट अगदी शांत होतं. पण तो शब्द कानावर पडला आणि घसा आपोआप आवळला. मी पाण्याचे दोन ग्लास संपवले. जीभ पुसावीशी वाटली, आणि खरंच पुसली, कागदी रुमालाने, भर हॉटेलात.

वाढणारा मुलगा आला. विशी-बाविशीचा असेल. त्याने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तो धावत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर हसतमुख होते. त्यांनी उकललेला डम्प्लिंग बघितला, मान हलवली आणि म्हणाले, “सॉरी मॅडम. थोडंसंच खाल्लंय ना? लगेच बदलून देतो.”

मला खरा राग आला तो इथे. चिकनचा नव्हे, त्या ‘थोडंसंच’चा. आणि ‘बदलून देतो’चा. शर्टाचं माप चुकलं तर शर्ट बदलून मिळतो. उरलेले साडेतीन डम्प्लिंग बदलता आले असते, हे मला कबूल. पण जे अडीच मी खाऊन बसले होते ते कशाने बदलणार? या तक्रारीची मोठी अडचण हीच आहे. ज्या भागाबद्दल तक्रार असते तो परत करता येत नाही, आणि जो परत करता येतो त्याबद्दल मुळात तक्रारच नसते.

मॅनेजरनी दुसरी गोष्ट केली, जी मला तेव्हा चांगुलपणाची वाटली. ते म्हणाले, “ही डिश बिलातून काढून टाकतो.” मी हो म्हणणार एवढ्यात मैत्रिणीने टेबलाखालून माझा पाय दाबला. “नको,” ती त्यांना म्हणाली, “बिल आहे तसंच द्या. आम्ही पूर्ण पैसे देतो.” मला वाटलं, हिला काय झालं? बाहेर पडल्यावर तिने सांगितलं. डिश बिलातून गेली की ती मागवल्याची नोंदही गेली. मग उद्या काही म्हणायचं झालं तर हातात काय राहणार? आम्ही दोघी तिथे होतो, बस्स, एवढंच. पैसे नंतर मागता येतात, पुसलेली ओळ परत आणता येत नाही. ती ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे तिचं डोकं असं चालतं. माझं चालत नाही.

निघण्याआधी तिने आणखी एक शहाणपणा केला होता. उकललेल्या डम्प्लिंगचा फोटो काढला, टेबलावरच, टोपली आणि टेबलाचा नंबर एकाच चौकटीत येईल असा. उरलेला अर्धा डम्प्लिंग तिने डबीत घालून घरी नेला आणि फ्रीझरमध्ये टाकला, ‘तपासणीसाठी’. या तपासणीवर आम्ही दुसऱ्या दिवशी बराच खल केला. असं तपासता येतं हे खरं आहे. मांस शिजलं तरी त्यातला डीएनए पूर्ण नाहीसा होत नाही, त्याचे लहान लहान तुकडे उरतात, आणि प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीने तो कोणत्या प्राण्याचा हे सांगता येतं. पण ही चाचणी तो डम्प्लिंग कोणाच्या स्वयंपाकघरातला हे सांगत नाही. टेबलावरून डबीत आणि डबीतून फ्रीझरमध्ये गेलेल्या वस्तूबद्दल समोरचा माणूस सहज म्हणू शकतो की हा आमचा कशावरून? त्या मानाने टेबलावरचा तो फोटो जास्त कामाचा होता. अर्धा डम्प्लिंग मात्र तिच्या फ्रीझरमध्ये पुढे महिनाभर राहिला. फेकायचा धीर दोघींनाही होईना.

रविवारी सकाळी मी पहिला मसुदा फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. तो शांत होता, पण त्यात दोन नको त्या गोष्टी घुसल्या होत्या. एक तर चक्क खोटी, ‘रात्रभर माझी प्रकृती बिघडली’. माझी प्रकृती ठणठणीत होती. झोप लागली नाही ती रागाने. आपल्यात एक समज पक्का आहे की जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाला मांस पचतच नाही. तसं काही नसतं. प्रथिनं पचवणारे पोटातले आणि आतड्यातले पाचकरस डाळीवर चालतात तसेच चिकनवरही चालतात, ते आयुष्यभर तयार होतच असतात. मळमळ होते, उलटीही होते, पण बहुतेक वेळा ती शिसारीची असते. शिसारी खोटी नव्हे, घसा खरोखरच आवळतो. पण पत्रात ‘आजारी पडले’ लिहिलं की पुढचा माणूस पहिल्यांदा विचारतो, डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे? ती नसली की पत्रातल्या बाकी सगळ्या खऱ्या गोष्टींवरही तोच संशय पसरतो. मी ती ओळ खोडली.

दुसरी गोष्ट खोटी नव्हती, नुसती अनावश्यक होती. मी शाकाहारी का आहे याचा एक आख्खा परिच्छेद मी लिहिला होता. वाचायला बरा होता, उगाच का खोटं बोला. पण वाचताना जाणवलं की कारण दिलं की कारण तोलायला दिलं. घरच्या संस्कारांमुळे, श्रद्धेमुळे, प्राण्यांच्या कळवळ्यामुळे, की नुसतंच आवडत नाही म्हणून? यातलं कुठलं कारण सांगितलं की चूक मोठी ठरते आणि कुठलं सांगितलं की लहान? हॉटेलशी माझा व्यवहार एका ओळीचा होता. मी एक पदार्थ नाव घेऊन मागवला होता आणि तोच यायला हवा होता. त्या परिच्छेदाच्या जागी तीन शब्द राहिले, ‘मी शाकाहारी आहे’.

पण तरीही पत्र जमत नव्हतं, कारण चूक नेमकी कुणाची हे मला ठाऊक नव्हतं आणि पत्राचा रोख त्या पोरावरच जात होता. समोर तोच होता ना. टोपली त्यानेच आणून ठेवली.

मैत्रिणीचा मोठा भाऊ वीसेक वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत होता. संध्याकाळी त्याला फोन लावला. मी त्यालाही दादाच म्हणते. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, “बिलावर काय छापलंय?”

मी बिल काढून बघितलं. व्हेज डम्प्लिंग, एक.

“मग त्या पोराला सोड,” दादा म्हणाला. “त्याने बरोबर लिहून घेतलंय.”

त्याने समजावलं ते असं. वेटर ऑर्डर मशीनमध्ये घालतो. त्यातून एक चिठ्ठी स्वयंपाकघरात निघते, तिला केओटी म्हणतात. बिलही त्याच नोंदीतून तयार होतं. म्हणजे बिलावर ‘व्हेज’ असेल तर स्वयंपाक्याच्या हातात पडलेल्या चिठ्ठीवरही ‘व्हेज’च असणार. बिलावर ‘चिकन’ छापलेलं निघालं असतं तर चूक ऐकण्यात किंवा बटण दाबण्यात झाली असती, आणि मग तू बोट ठेवून मागवलं होतंस की तोंडाने सांगितलं होतंस, त्याने ऑर्डर परत वाचून दाखवली होती का, हे सगळं निघालं असतं. इथे तो प्रश्नच मिटला. चूक चिठ्ठीनंतरची आहे.

“चिठ्ठीनंतर काय होतं सांगतो,” तो म्हणाला. डम्प्लिंग आधीच भरून ठेवलेले असतात. ऑर्डर आली की टोपलीत मांडायचे, वाफेवर ठेवायचे, आठ-दहा मिनिटांत तयार. एका भांड्यावर तीन-चार टोपल्यांची चळत असते, सगळ्या सारख्याच दिसतात. तयार टोपल्या एका कट्ट्यावर येतात, त्या कट्ट्याला पास म्हणतात. तिथून टेबलावर नेणारा माणूस वेगळा असू शकतो, आणि त्याने काही शिजताना पाहिलेलं नसतं. एकदा पिठाची पारी बंद झाली की आत काय आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून चांगल्या ठिकाणी दोन प्रकारांच्या घड्या वेगळ्या घालतात. एकाला उभ्या चुण्या, दुसरा अर्धचंद्र. किंवा एकाची पारी पालकाने हिरवी करतात. “तुझे सहा कसे दिसत होते?”

कसे म्हणजे? डम्प्लिंगसारखे. मी फोटो पाठवला.

“साधी घडी,” तो म्हणाला. “दोन्हींना तीच असेल. मग खूण दुसरीकडे कुठेतरी असणार. ती कुठे असते, ते विचार पत्रात.”

मग त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकली नसती तर बरं झालं असतं. टोपल्यांची चळत असते तेव्हा वाफेचं पाणी वरच्या टोपलीतून खालच्या टोपलीत ठिबकतं, आणि त्याबरोबर वरच्या सारणाचा रसही. चिकनची टोपली वर आणि भाज्यांची खाली असेल, तर घडी बरोबर, चिठ्ठी बरोबर, टोपली बरोबर, आणि तरीही वरून चिकनचा रस. म्हणून जाणकार स्वयंपाकी भाज्यांची टोपली नेहमी वर ठेवतो, किंवा सरळ वेगळ्या भांड्यावर ठेवतो. तळणाचंही तेच. एकाच कढईतल्या तेलात दोन्ही तळले की मग नावाला काय अर्थ?

“आणि सूप?” मी विचारलं. आता माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या दहा वर्षांतली सगळी हॉटेलं जात होती.

सूपची गोष्ट वेगळी, तो म्हणाला, आणि ती माझ्या पत्रात आणू नको असंही म्हणाला. भाज्यांच्या सूपात हाडं उकळून काढलेलं पाणी, सॉसमध्ये मासा किंवा कालव, गोड पदार्थात जिलेटिन, जे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. यात कुणाचा हात चुकलेला नसतो. स्वयंपाकी रीतसर ठरलेल्या कृतीनेच करतो, आणि त्याच्या मते ते व्हेजच असतं, कारण त्यात तुकडा नसतो. तिथे चिठ्ठी, पास, टोपली असलं काही विचारून उपयोग नाही. तिथे एकच विचारायचं, हे कशात शिजवलं आणि बाटलीवर घटक काय लिहिलेत? “तुझी अदलाबदल आहे. ती लपवाछपवी नव्हे, ती अदलाबदल. आणि अदलाबदलीत नेहमी दोन टेबलं असतात.”

दुसरं टेबल! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्यासमोर कुणाचे तरी चिकनचे डम्प्लिंग आले होते. मग माझे कुठे गेले? माझ्या जागी कोळंबीची ॲलर्जी असलेला माणूस असता आणि टोपलीत कोळंबी असती, तर ही गोष्ट घसा आवळण्यावर थांबली नसती. चूक हीच, तीच चिठ्ठी, तीच टोपली. माझ्या बाबतीत तिची किंमत एक रात्रीची झोप, त्याच्या बाबतीत कदाचित रुग्णवाहिका. मॅनेजरना ‘थोडंसंच’ म्हणायची सवय असेल तर त्यांना हे कधीतरी कळायला हवं होतं.

त्या रात्री तिसरा मसुदा लिहिला, तो एका बैठकीत झाला. तो इथे देते, फक्त ओळख पटेल असं काही काढून.

“मा. मालक,

शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास आम्ही दोघी आपल्याकडे जेवायला आलो होतो. टेबल क्रमांक 7. मी शाकाहारी आहे. मी वाफवलेले व्हेज डम्प्लिंग मागवले. बिलावर तीच नोंद आहे. बिलाचा फोटो सोबत जोडला आहे.

टेबलावर आलेले डम्प्लिंग चिकनचे होते. दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा भाग खाल्ल्यावर हे माझ्या लक्षात आले. सारणात खिमा आणि कूर्चेचा तुकडा होता. सोबतच्या मैत्रिणीने, जी मांसाहार करते, चव घेऊन ते चिकन असल्याचे सांगितले. त्याच वेळी टेबलावर काढलेला फोटो जोडला आहे. आपल्या मॅनेजरनी तो डम्प्लिंग पाहिला आणि चूक नाकारली नाही. ‘थोडंसंच खाल्लंय ना? लगेच बदलून देतो,’ असे ते म्हणाले.

बिलावरील नोंद बरोबर असल्यामुळे ऑर्डर बरोबर घेतली गेली होती असे दिसते. चूक त्यानंतर झाली असावी. ऑर्डर घेणाऱ्या वेटरबद्दल माझी तक्रार नाही.

मला तीन प्रश्नांची लेखी उत्तरे हवी आहेत. व्हेज आणि चिकनचे डम्प्लिंग वेगळे ओळखण्यासाठी आपल्याकडे खूण कोणती आहे आणि ती कुठे असते? त्या वेळी चिकनचे डम्प्लिंग मागवलेल्या दुसऱ्या टेबलावर माझी टोपली गेली होती का? आणि ही अदलाबदल पुन्हा होऊ नये म्हणून आपण काय बदलणार आहात?

त्या एका पदार्थाचे पैसे परत करावेत. त्याखेरीज सवलत, कूपन किंवा मोफत पदार्थ नको. पंधरा दिवसांत उत्तर मिळावे ही विनंती.”

दीड पानाचं पाऊण पान झालं. मैत्रिणीने वाचून दोनच गोष्टी विचारल्या. ‘थोडंसंच’वर एक सणसणीत वाक्य का नाही? होतं, आधी होतं. ‘अशा असंवेदनशील उद्गारांनी माझ्या भावना’ वगैरे. पण ते लिहिलं की वाचणारा माझ्या भावनांशी वाद घालायला मोकळा होतो. नुसते त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडी ठेवले की मालकाला ते स्वतः वाचावे लागतात, आणि त्यांच्यापुढे विशेषण नसल्यामुळे ते आणखीच वाईट वाचले जातात. निदान माझा तरी तसा अंदाज होता.

आणि कूपन का नको? कारण कूपन म्हणजे पुन्हा त्यांच्याच टेबलावर जाऊन बसायचं आमंत्रण. शिवाय मोठी मागणी केली की सगळं पत्र त्या मागणीसाठीच लिहिलंय असं वाटतं. त्या एका पदार्थाचे पैसे मागितले ते हिशेब नीट राहावा म्हणून. जे मागवलं ते मिळालं नाही, त्याचे पैसे परत, इतकं सरळ. प्रश्नांची उत्तरं मात्र मला खरोखर हवी होती.

पत्र हॉटेलच्या ईमेलवर पाठवलं आणि एक छापील प्रत मालकाच्या नावे टपालाने. दोन्हीकडे पाठवायची कल्पना अर्थातच हिशेबवालीची. इंटरनेटवर एक तारा देऊन चार ओळी खरडायचा मोह मला तीनदा झाला. पण जाहीर लिहिलं की हॉटेल जाहीर उत्तर देतं, ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’, आणि त्या एका वाक्यानंतर टोपलीच्या खुणेबद्दल कोण कशाला शोध घेईल?

तिसऱ्या दिवशी एक उत्तर आलं. त्यात माझं नावही चुकीचं होतं आणि पुढच्या भेटीत सवलत देऊ केली होती. मी एका ओळीत उत्तर पाठवलं, ‘माझे तीन प्रश्न पत्रात आहेत, उत्तरांची वाट पाहते.’ मग आठवडाभर काही नाही. नवव्या दिवशी मालकाचं स्वतःचं पत्र आलं. त्याची भाषा वेगळीच होती. म्हणजे भाषा अशी नव्हतीच, माणूस बोलतो तसं लिहिलं होतं.

खूण झाकणावर होती, त्यांनी लिहिलं. चिकनच्या झाकणाला लाल दोरा, व्हेजच्या झाकणाला हिरवा. टोपल्यांना काहीच नाही. शनिवारी टेबल 7 आणि टेबल 4 च्या चिठ्ठ्या तीन मिनिटांच्या अंतराने निघाल्या होत्या. दोन्ही टोपल्या शेजारी शेजारी वाफेवर होत्या. शिजलंय का बघायला कुणीतरी दोन्ही झाकणं उचलली आणि परत ठेवताना ती बदलली. पुढे सगळ्यांनी झाकण बघूनच काम केलं. पासवरच्याने हिरवा दोरा पाहिला, चिठ्ठीवर व्हेज वाचलं आणि टोपली सोडली. माझ्याकडेही ती हिरव्या दोऱ्यानिशीच आली. मी फोटो मोठा करून बघितला. टोपलीच्या मागे झाकण उलटं पडलेलं होतं, आणि कडेला हिरव्या रंगाचा एक ठिपका दिसत होता. इतके दिवस तो फोटो मी कमीत कमी वीस वेळा बघितला असेन.

दादाला सांगितलं तर तो हसला नाही. “झाकणावर खूण,” एवढंच पुटपुटला, डॉक्टर एक्सरे बघून पुटपुटतात तसा.

आता व्हेजच्या टोपल्या वेगळ्या भांड्यावर ठेवतो, दोरा टोपलीलाच बांधतो आणि घडीही बदलली आहे, असं मालकांनी पुढे लिहिलं होतं. पैसे परत केल्याची पावती जोडली होती. मॅनेजरच्या शब्दांबद्दल एक वाक्य होतं, ‘ते मी त्यांना वाचून दाखवलं.’ त्यापुढे काही स्पष्टीकरण नव्हतं, माफीही नव्हती. मला ते पुरलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सगळ्यात शेवटी दिलं होतं. टेबल 4 चं बिल त्यांनी काढून पाहिलं होतं. चिकन डम्प्लिंग, एक. त्या रात्री काम केलेल्या सगळ्यांना विचारलं होतं. त्या टेबलावरून कुठलीही तक्रार आली नाही, टोपली रिकामी परत आली, आणि निघताना त्या गृहस्थांनी वाढणाऱ्या मुलाला सांगितलं होतं की आज चिकन फार मऊ होतं.